गुण घटलेली सात मुलं : कृतीतून शिकवलेल्या एका सत्राचा अहवाल

पाचवीच्या वर्गाला मी एक सत्रभर अपूर्णांक कागदाच्या पट्ट्या, दोरी आणि गटकाम यांतून शिकवले. सत्र संपल्यावर शाळेच्या व्यवस्थापनाला अहवाल द्यायचा होता. मी तो दोनदा लिहिला. पहिला परत आला आणि तो परत यायलाच हवा होता. दुसरा स्वीकारला गेला, पण त्यावर जवळजवळ तासभर वाद झाला. या दोन अहवालांमध्ये काय बदललं, ते इथे सविस्तर लिहीत आहे. मुलांची आणि शाळेची नावं अर्थातच दिलेली नाहीत.

पहिला अहवाल

पहिला अहवाल चौदा पानांचा होता. त्यातली आठ पानं फोटोंची होती : पट्ट्या कापणारी मुलं, फळ्यासमोर दोरी धरून उभी राहिलेली मुलं. पुढे सरासरीचा एक तक्ता होता. सत्राच्या सुरुवातीला १२ पैकी ५ गुण, घटक संपल्यावर ७.९. शेवटी मुलांचे अभिप्राय : तेहतीस मुलांना 'उपक्रम आवडले का?' असं विचारलं आणि तेहतीस मुलांनी हसऱ्या चेहऱ्यावर खूण केली.

व्यवस्थापनातले एक सदस्य व्यवसायाने लेखापाल आहेत. त्यांनी तक्त्यावर पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं : 'सुरुवातीला ३४ मुलं, शेवटी ३३. हीच मुलं का?'

हीच मुलं नव्हती. पटावर ३६ मुलं. सुरुवातीच्या चाचणीला बसलेल्या ३४ जणांपैकी तिघं नंतरच्या चाचणीच्या दिवशी गैरहजर होती, आणि नेमकी ती वर्गातली सर्वांत मागे पडलेली होती. दोन मुलं सत्राच्या मध्यात दुसऱ्या शाळेतून आली. त्यांचा हा धडा आधीच होऊन गेला होता, त्यामुळे त्यांना १० आणि ११ गुण मिळाले. म्हणजे माझ्या सरासरीतून खालची तिघं निघून गेली होती आणि वर दोघं येऊन बसली होती. कोणी काहीही शिकलं नसतं, तरी माझा आकडा वाढलाच असता.

मग ज्यांनी तिन्ही चाचण्या दिल्या ती ३१ मुलंच धरली. त्यांची सुरुवातीची सरासरी ५.३ आणि घटक संपतानाची ७.७ आली. वाढ २.९ वरून २.४ वर आली. अर्धा गुण नुसत्या हजेरीतून आला होता. उरलेल्या पाच मुलांबद्दल दुसऱ्या अहवालात वेगळा परिच्छेद लिहिला आणि कोणत्याही सरासरीत ती धरली नाहीत.

तिसरी चाचणी पहिल्या अहवालात मी दाखवलीच नव्हती. घटक दहाव्या आठवड्यात संपला. सोळाव्या आठवड्यात, आधी न सांगता, तशाच पण आकडे बदललेल्या बारा प्रश्नांची चाचणी मी घेतली होती. तिची सरासरी ७.१. तो आकडा कमी दिसतो म्हणून मी त्याला तक्त्यात जागा दिली नव्हती, हे मान्य करते. खरं तर शिकलेलं टिकलं का, हे त्याच आकड्यावरून कळणार होतं. दुसऱ्या अहवालात 'नंतर' म्हणून फक्त ७.१ ठेवला. सोबत एक अडचणही नोंदवली : दहाव्या आठवड्यात पट्ट्या बाकावर होत्या, सोळाव्यात नव्हत्या. त्यामुळे घटलेल्या गुणांत विसरणं किती आणि पट्टी हाताशी नसणं किती, हे या चाचण्यांवरून वेगळं करता येत नाही.

सरासरीत काय लपलं होतं

अहवाल सुधारताना मी उत्तरपत्रिका पुन्हा काढल्या आणि एका ठिकाणी अडले. वर्गात मला मुलं उघडपणे बदललेली दिसत होती. पण अपूर्णांकांची तुलना करायच्या सहा प्रश्नांत सरासरी वाढ जेमतेम अर्धा गुण होती. 'कोणता अपूर्णांक मोठा?' हाच तर पट्ट्यांचा गाभा. मग तिथेच वाढ का नाही?

हे कळण्यासाठी ते प्रश्न कसे निवडले होते ते सांगायला हवं. तीन प्रकारच्या जोड्या होत्या, प्रत्येक प्रकारच्या दोन. एकेक नमुना देते : ३/५ की ३/८, ५/६ की ७/८, ३/५ की ६/९. पट्ट्या मी २४ सेंटिमीटरच्या केल्या होत्या, कारण २४ चे दोन, तीन, चार, सहा, आठ आणि बारा भाग सेंटिमीटरच्या पूर्ण आकड्यांत पडतात. पाच आणि नऊ हे छेद मुलांनी पट्टीवर कधी पाहिलेच नव्हते. ते चाचणीत मुद्दाम घातले होते, म्हणजे पट्टीचं चित्र आठवून उत्तर देता येऊ नये.

आता मुलं कोणत्या विचाराने उत्तर देतात ते पाहा. काही मुलं अपूर्णांकाकडे दोन सुट्या संख्या म्हणून पाहतात. आठ हा पाचापेक्षा मोठा, म्हणून ३/८ मोठा. काही मुलांना कळलेलं असतं की जितके जास्त भाग तितका तुकडा लहान. पण ती तेवढ्यावरच थांबतात आणि अंशाकडे बघतच नाहीत. त्यांच्या मते ५/६ हा ७/८ पेक्षा मोठा, कारण सहावा भाग आठव्यापेक्षा मोठा. तिसरी मुलं पूर्ण व्हायला किती तुकडे कमी आहेत ते मोजतात. ५/६ ला एक कमी, ७/८ ला एक कमी, म्हणजे दोन्ही सारखे. आणि चौथ्या मुलांना खरंच समजलेलं असतं.

हे चार विचार तिन्ही प्रकारच्या प्रश्नांवर ताडून पाहिले तर असं दिसतं :

| मुलाचा विचार | ३/५ की ३/८ | ५/६ की ७/८ | ३/५ की ६/९ | सहापैकी गुण |
|---|---|---|---|---|
| मोठे आकडे, मोठा अपूर्णांक | चूक | बरोबर | बरोबर | ४ |
| मोठा छेद, लहान अपूर्णांक | बरोबर | चूक | चूक | २ |
| कमी असलेले तुकडे मोजणं | बरोबर | चूक | चूक | २ |
| पूर्ण समज | बरोबर | बरोबर | बरोबर | ६ |

ज्या मुलाला अपूर्णांक म्हणजे काय हे मुळीच कळलेलं नाही, त्याला चार गुण मिळतात. ते मूल एक पायरी वर चढतं, छेदाचा अर्थ त्याला कळायला लागतो, आणि त्याचे गुण दोनावर येतात. पुढे पूर्ण समज आली की सहा. म्हणजे या प्रश्नांवर समज वाढताना गुण आधी खाली जातात आणि मग वर येतात. वर्गातली काही मुलं मधल्या पायरीवर असतील, तर त्यांचे घटलेले गुण वर गेलेल्यांचे वाढलेले गुण खाऊन टाकतात, आणि सरासरी जवळजवळ जागेवरच राहते.

म्हणून मी गुण बाजूला ठेवले आणि प्रत्येक मूल आधी कोणत्या विचारावर होतं आणि सोळाव्या आठवड्यात कोणत्या, एवढंच पाहिलं. प्रत्येक प्रश्नाखाली 'का?' अशी एक ओळ होती, तिचा फार उपयोग झाला. उत्तरांचा नमुना आणि कारणाची ओळ दोन्ही जुळली तरच मुलाला त्या गटात घातलं. हे काम मी एकटीने केलं नाही. शेजारच्या वर्गाच्या बाईंनी त्याच उत्तरपत्रिका माझे निष्कर्ष न बघता तपासल्या. ज्यांच्याबद्दल आमचं एकमत होईना, ती मुलं 'अस्पष्ट' या रकान्यात गेली.

सुरुवातीला ३१ पैकी १४ मुलं आकडे बघणारी होती, ७ छेदावर थांबलेली, ४ कमी तुकडे मोजणारी, ३ पूर्ण समज असलेली आणि ३ अस्पष्ट. सत्र संपताना आकडे बघणारी ३ उरली, छेदावर थांबलेली ८, तुकडे मोजणारी ५, पूर्ण समज असलेली १३ आणि अस्पष्ट २.

इथेही नुसत्या बेरजा फसवतात. छेदावर थांबलेली आधी ७ होती, नंतर ८ झाली, म्हणजे तिथे काहीच हललं नाही असं वाटतं. प्रत्यक्षात त्या सातातली चार मुलं पूर्ण समजेपर्यंत गेली, एक तुकडे मोजण्याकडे वळलं, दोन तिथेच राहिली, आणि त्यांच्या जागी पाच मुलं खालून वर आली, एक अस्पष्टमधून. म्हणून अहवालात दोन रांगा शेजारी शेजारी न ठेवता, कोण कुठून कुठे गेलं याचा बाणांचा तक्ता दिला. आकडे बघणाऱ्या चौदांचं उदाहरण : पाच थेट पूर्ण समजेवर, पाच छेदावर, दोन तुकडे मोजण्यावर, दोन जागच्या जागी.

मधल्या त्या पाच आणि दोन, अशा सात मुलांचे तुलनेच्या प्रश्नांतले गुण चारावरून दोनावर आले होते. पहिल्या अहवालात ती सात मुलं सरासरीत विरघळून गेली होती. दुसऱ्या अहवालात ती पहिल्याच पानावर घेतली.

चूक कृतीतूनच आली होती

आठ मुलं छेदावर अडकली हा काही मुलांचा दोष नाही. पहिल्या सहा तासिका आम्ही फक्त एकच तुकडा घेऊन तुलना केली होती : १/२, १/३, १/४, १/८. पट्ट्या एकाखाली एक ठेवायच्या आणि तुकडा लहान होत जाताना बघायचा. मुलांना ते फार आवडलं आणि मलाही ते फार लांबवायचा मोह झाला. त्यातून मुलांनी नियम काढला : खालचा आकडा मोठा, की अपूर्णांक लहान. आम्ही हाताळलेल्या सगळ्या उदाहरणांत तो खरा होता, कारण अंश प्रत्येक वेळी एकच होता! हातात पट्टी असूनही मुलं चुकीचा नियम तयार करू शकतात, आणि तो हाताने अनुभवलेला असल्यामुळे पाठ केलेल्या नियमापेक्षा जास्त घट्ट बसतो.

ज्या तासाला हा नियम हलला, तो तास अहवालात पूर्ण लिहिला. ५/६ आणि ७/८ च्या पट्ट्या रंगवून घेतल्या आणि विचारलं, 'न रंगवलेलं किती सेंटिमीटर?' एका पट्टीवर ४, दुसरीवर ३. दोन्हींना एकच तुकडा कमी, पण तुकडे वेगवेगळ्या मापाचे. एका गटात यावर बराच वेळ भांडण चाललं, आणि मी उत्तर दिलं नाही. पण हा तास मी सतराव्या तासिकेला घेतला. तो सातव्या-आठव्या तासिकेला व्हायला हवा होता. अहवालातल्या सुधारणांच्या यादीत हीच बाब मी सगळ्यात वर ठेवली.

मुलांच्या चिठ्ठ्या

तेहतीस हसरे चेहरे मी काढून टाकले. वर्गशिक्षिका समोर उभी असताना 'आवडलं का?' असं विचारलं, तर दहा-अकरा वर्षांचं मूल दुसरं काय सांगणार? आणि 'आवडलं' यावरून शिकण्याबद्दल काही कळतही नाही.

दुसऱ्यांदा चिठ्ठ्या शेजारच्या बाईंनी घेतल्या. मी त्या वेळी वर्गात नव्हते. तीन प्रश्न होते. अपूर्णांकाबद्दल आधी वेगळं वाटत होतं आणि आता बदललं, असं काही आहे का? कुठे अडलात? पुढच्या वेळी काय बदलावं? वेळ पंधरा मिनिटं. ज्यांना लिहायला जड जातं त्यांनी बाईंच्या कानात सांगितलं आणि बाईंनी मुलांच्याच शब्दांत लिहून घेतलं. चिठ्ठीवर नावाऐवजी क्रमांक होता. क्रमांकांची यादी बाईंकडेच राहिली. त्यांनी प्रत्येक चिठ्ठीवर फक्त मुलाचा 'कुठून कुठे' हा प्रवास लिहिला आणि मग चिठ्ठ्या मला दिल्या. माझ्या वर्गातली अक्षरं मला ओळखू येतात, म्हणून त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या स्वतः पुन्हा उतरवून काढल्या. मुलांच्या शुद्धलेखनाला हात लावला नाही.

आता ३१ चिठ्ठ्यांतल्या अहवालात कोणत्या घ्यायच्या? मी निवडल्या असत्या, तर गोड चिठ्ठ्याच निवडल्या असत्या. म्हणून क्रमाने दर चौथी चिठ्ठी घ्यायची असा नियम आधीच ठरवला. त्यात सात आल्या. बाकी सगळ्या परिशिष्टात गेल्या. त्या सात, प्रत्येकीपुढे त्या मुलाचा प्रवास लिहून, अशा :

'खुप मज्जा आली. पट्ट्या रंगवायला आवडल्या. अजुन रंग पाहिजेत.' — आकडे बघणारं, अजूनही आकडेच बघणारं.

'मला आधी वाटायच आठ मोठे म्हणुन मोठा. आता मी तुकडा बघतो.' — आकड्यांवरून छेदावर. गुण घटलेल्या सातांपैकी एक.

'डोक दुखत. बाई उत्तर सांगत नाही, परत आपल्यालाच विचारतात. घरी आईला विचारल तर ती लगेच सांगते.' — छेदावरून पूर्ण समजेवर.

'आमच्या गटात एकच जण कापतो. मला कात्री मिळालीच नाही.' — आकडे बघणारं, अजूनही आकडेच बघणारं.

'पट्टी असली की येत. पट्टी नसली की कोणता मोठा ते कळत नाही.' — छेदावर होतं, छेदावरच राहिलं.

'मला वहीतली गणित आवडतात. ती लवकर होतात.' — पूर्ण समज होती, पूर्ण समजच आहे.

सातवी चिठ्ठी कोरी होती. ती कोरीच छापली.

ही यादी समोर आली तेव्हा मला पहिल्यांदा काही तरी स्पष्ट दिसलं. सगळ्यात आनंदी चिठ्ठी जागचं न हललेल्या मुलाची होती आणि सगळ्यात वैतागलेली सगळ्यात पुढे गेलेल्याची. सात चिठ्ठ्यांवरून नियम काढता येत नाही, तो मी काढलाही नाही. पण या जातीची गोष्ट मोठ्या मुलांबाबत तपासली गेलेली आहे. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या प्रारंभिक अभ्यासक्रमाच्या वर्गांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्वतः प्रश्न सोडवत शिकलेल्या विद्यार्थ्यांनी चाचणीत जास्त गुण मिळवले, पण आपण किती शिकलो असं विचारल्यावर मात्र उत्तम व्याख्यान ऐकलेल्यांपेक्षा कमी शिकलो असं सांगितलं. झगडण्याचा थकवा त्यांना न शिकल्यासारखा वाटला होता. ती कॉलेजातली मुलं आणि ही पाचवीतली, म्हणून अहवालात हे एका वाक्यात, तेही तळटीप म्हणून दिलं. त्याचा उपयोग एवढाच : मुलांचा अभिप्राय शिकण्याचा पुरावा म्हणून द्यायचा नाही. शिकवण्यात कुठे काय घडत होतं याचा पुरावा म्हणून तो मात्र उत्तम असतो.

कात्रीची चिठ्ठी तशीच आहे. माझे गट सहा-सहा मुलांचे होते आणि प्रत्येक गटाला कात्री एक. परिशिष्टातल्या चिठ्ठ्या चाळल्या तर कात्री किंवा 'एकच जण करतो' हा उल्लेख आणखी चार ठिकाणी सापडला. एक सत्रभर मी त्या वर्गात होते आणि मला हे दिसलं नाही. फोटोत प्रत्येक गट कामात बुडालेला दिसतो, कारण फोटोत कापणारे हात येतात. पहिल्या अहवालातला एक फोटो मी मुद्दाम पुन्हा काढून पाहिला : सहा मुलं, एक कापतंय, दोन वाकून बघतायत, तीन भलतीकडे बघतायत.

परिशिष्टातली एक चिठ्ठी मात्र नियम मोडून मुख्य भागात घेतली, आणि ती नियमाबाहेरची आहे हे तिच्याखाली लिहिलं. तुकडे मोजण्यावरून पूर्ण समजेवर गेलेल्या मुलाची ती होती : 'दोघांना एक तुकडा कमी आहे पण तो तुकडा एक नाही.' मी सतराव्या तासिकेत जे सांगायचा मोह आवरला होता, ते याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

पहिलं पान

दुसरा अहवाल सहा पानांचा झाला. त्यात एकही फोटो नव्हता. व्यवस्थापनातली मंडळी पहिलं पान नीट वाचतात आणि उरलेलं चाळतात, हे गृहीत धरून पहिल्या पानावर चारच गोष्टी ठेवल्या.

पहिली, बाणांचा तक्ता. दुसरी, गुण घटलेली सात मुलं आणि त्याचं कारण. तिसरी, खर्च, आणि इथे पैशांपेक्षा वेळेचा खर्च मोठा. अपूर्णांकांसाठी नियोजनात १५ तासिका होत्या, मी २२ घेतल्या. त्या सात तासिका मापनाच्या घटकातून गेल्या आणि तो घटक पुढच्या सत्रावर ढकलला गेला. पहिल्या अहवालात याचा उल्लेख आठव्या पानावर अर्ध्या ओळीत होता. अशी गोष्ट दडलेली सापडली की वाचणारा उरलेल्या अहवालावरही विश्वास ठेवत नाही.

चौथी गोष्ट होती, या अहवालातून काय सिद्ध होत नाही. पाचवीची दुसरी तुकडी नेहमीच्या पद्धतीने शिकली, पण तिची सुरुवातीची चाचणी कोणी घेतली नव्हती. त्यामुळे दोन तुकड्यांची तुलना शक्य नव्हती. कोणत्याही पद्धतीने एक सत्र अपूर्णांक शिकवले असते, तरी काही मुलं पुढे गेलीच असती. म्हणून वाक्य असं लिहिलं : 'या सत्रात ही मुलं इथून इथे गेली. यात कृतींचा वाटा किती, हे या माहितीवरून ठरत नाही.' मुख्याध्यापिका म्हणाल्या, 'बाई, एवढं स्वतःहून कशाला लिहिता? त्यांनी विचारलं तर सांगू.' मी म्हटलं, ते विचारणारच आहेत, पेन्सिल आठवा. त्या हसल्या आणि वाक्य राहिलं.

बैठक

लेखापाल सदस्यांनी सात मुलांवरच बोट ठेवलं. 'सात मुलांचे गुण कमी झाले, आणि तुम्ही त्याला प्रगती म्हणता. मग माझ्याही ताळेबंदात तोटा दिसला की मी त्याला प्रगती म्हणू का?' प्रश्न रास्त होता. मी दोन उत्तरपत्रिका समोर ठेवल्या, एकाच मुलाच्या, आधीची आणि नंतरची. आधी ५/६ आणि ७/८ मध्ये ७/८ मोठा, बरोबर, आणि कारण : 'कारण ८ मोठे.' नंतर ५/६ मोठा, चूक, आणि कारण : 'कारण सहा भाग केले तर भाग मोठे.' त्यांनी दोन्ही कारणं वाचली. मग विचारलं, 'आणि हे मूल इथेच राहिलं तर?'

तर तो तोटाच. मधली पायरी ही थांबायची जागा नाही. पुढच्या वर्षी वेगवेगळ्या छेदांची बेरीज येईल तेव्हा ही मुलं पुन्हा अडतील. म्हणून अहवालासोबत मी त्या सात मुलांसाठी आणि जागच्या न हललेल्यांसाठी चार तासिकांचं नियोजन जोडलं होतं : दोन-दोन मुलं, प्रत्येकाच्या हातात पट्टी, सुरुवात 'पूर्ण व्हायला किती कमी' यापासून, आणि शेवटच्या तासिकेत पट्टी बघायची नाही, आधी वहीत अंदाज लिहायचा, मग पट्टीवर पडताळायचा. 'पट्टी नसली की कळत नाही' या चिठ्ठीला हेच उत्तर होतं. वर्षभर पट्टी हातात ठेवणं हे उत्तर नाही.

दुसऱ्या एका सदस्यांना सगळ्या शाळेत लगेच हे सुरू करायचं होतं. मीच नको म्हटलं. ठरलं ते एवढंच : पुढच्या सत्रात पाचवीच्या दोन्ही तुकड्यांची दशांश अपूर्णांकांवर सुरुवातीची चाचणी घ्यायची, एका तुकडीत कृतीतून शिकवायचं, तासिका जास्तीत जास्त १८, गट तीन-तीनांचे आणि प्रत्येक गटाला दोन कात्र्या. चाचणीचे प्रश्न पुन्हा विचार उघडे पाडणारे हवेत. ०.४ की ०.३५ असं विचारलं की लांब दिसणारी संख्या मोठी मानणारं मूल ०.३५ म्हणेल. आखूड दिसणारी संख्या मोठी मानणाऱ्या मुलाला मात्र ०.४ हे उत्तर चुकीच्या कारणानेही बरोबर मिळेल. त्याला पकडायला ०.३ की ०.४५ हवं, तिथे ते ०.३ म्हणेल.

कोऱ्या चिठ्ठीबद्दल कोणीच काही विचारलं नाही. ती मलाच डाचत होती. शेजारच्या बाईंनी यादी पाहिली, त्या मुलाला आधी विचारलं, आणि त्याची हरकत नाही म्हटल्यावर मला सांगितलं. पूर्ण समजेवरून अस्पष्टमध्ये गेलेला एकमेव मुलगा तो. मी त्याच्याशी मधल्या सुट्टीत बोलले. सोळाव्या आठवड्याच्या चाचणीत त्याने उत्तरं भराभर कशीही लिहिली होती. म्हणाला, 'मला पहिल्या दिवशीच येत होतं, बाई. मग रोज सगळ्यांची पट्टी मीच कापायचो.'

कात्री कोणाच्या हातात होती ते तेव्हा कळलं. अहवाल मंजूर झाला होता, तरी दोन ओळींची पुरवणी जोडून दिली : ज्यांना आधीच येतं त्या तीन मुलांसाठी सत्रभर काहीही नियोजन नव्हतं.